एकोणसत्तर

शरयूबाईंच्या हातात गोळ्यांची पट्टी दिली की त्या आधी अंगठा फिरवायच्या, चष्मा मागाहून शोधायच्या. सरकारी इस्पितळाच्या औषधखिडकीत चौतीस वर्षं काढलेली बाई. तेव्हा खिडकीत पिवळा बल्ब, बाहेर रांग आणि रांगेत प्रत्येकाला घाई. चंदेरी पट्टीवर शाईविना नुसते दाबून उठवलेले आकडे त्या बल्बाखाली कुणाला दिसणार? पण पट्टीच्या कडेवरून अंगठा गेला की बॅच नंबर, बनवल्याचा महिना, संपायचा महिना सगळं त्यांना कळायचं. त्यातही सरळ बाजू कुठली, हे आधी ओळखावं लागे. एका अंगाने आकडे वर उठलेले असतात आणि पट्टी पालथी केली की तेच उलटे, आरशात पाहिल्यासारखे. नवी माणसं हमखास तिथेच फसत.

निवृत्तीनंतर त्या ग्वाल्हेरच्या माधवगंजात दत्तमंदिरामागच्या धर्मादाय दवाखान्यात बसू लागल्या. मंगळवारी आणि शनिवारी डॉक्टर यायचे, चिठ्ठी द्यायचे आणि शरयूबाई फुकट औषध द्यायच्या. औषधं येत ती पाटणकर बाजारातल्या दुकानदारांकडून आणि कधी कुणाच्या घरून, न उघडलेली. शरयूबाईंचे तिथे तीन नियम होते. पहिला, आकडे वाचता येत नाहीत ती पट्टी सरळ बाद. दुसरा, पट्टी कापायची ती आकड्यांच्या उलट टोकाकडून, म्हणजे शेवटची गोळी संपेपर्यंत नंबर गोळीसोबत राहतो. आणि तिसरा, खिडकीच्या आत मराठी बोलायचं.

हा तिसरा नियम औषधशास्त्रातला नव्हता, त्यांच्या मनातला होता. लहानपणी त्यांच्या गल्लीत दूधवालासुद्धा मराठीत हिशेब सांगायचा. आता पाच घरं टाकून एखादं मराठी घर, आणि त्या घरातली मुलंही आईला "मम्मी, भूक लगी है" म्हणणारी. जग बदलायचं ते बदलो, निदान या आठ बाय दहाच्या खोलीत तरी आपण आपलं बोलू, एवढाच त्यांचा हट्ट होता.

हा हट्ट सगळ्यात जास्त सोसला तो उन्नतीने. उन्नती चोवीस वर्षांची, फार्मसी शिकलेली, दोन वर्षांपासून त्यांच्या हाताखाली. पणजोबा शिंदे सरकारच्या फौजेत दक्षिणेतून आलेले, पण मुलीची जीभ अस्सल ग्वाल्हेरी. वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि मध्येच रूळ बदलून हिंदीत जायचं.

"आजी, ये वाली पट्टी मी कुठे ठेवू?"

"ये वाली नाही. ही."

"हां, ही वाली."

शरयूबाई कपाळाला हात लावायच्या, आणि उन्नती खुदकन हसायची.

पूर्वी प्रत्येक नव्या औषधाची नोंद शरयूबाई वहीत करत, त्यांच्या स्वतःच्या पद्धतीने. पट्टीच्या कडेवर पतंगाचा पातळ कागद ठेवायचा, पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासायची. काळ्या फराट्यात आकडे पांढरे-काळे उमटत, आपण लहानपणी नाण्याचे उमटवायचो तसे. तो कपटा वहीत चिकटवला की झालं. त्यांचं अक्षर चुकलं तरी कपटा चुकत नसे. अशा अकरा वह्या कपाटात होत्या.

मग उन्नतीने मोबाइल आणला. तिने आणि तिच्या एका मैत्रिणीने मिळून एक अ‍ॅप बनवलं होतं. पट्टीचा फोटो काढायचा, मग अ‍ॅप पट्टी कुठे आहे ते शोधायचं, वाकलेली पट्टी चित्रात सपाट करायचं, उठावाची सावली गडद करायचं आणि आकडे वाचून तीन रकाने भरायचं. कुठली बॅच कुणाला दिली हेही त्यात. उद्या एखादी बॅच खराब निघाली तर नंबर टाकला की नावं आणि फोन हजर.

"आणि वाचता नाही आलं तर?" शरयूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"तर तो रकाना पिवळा होतो. अंदाज नाही लावत ते. आपण हाताने भरायचं."

हे उत्तर शरयूबाईंना आवडलं. वाचता येत नसेल तर येत नाही म्हणणारी माणसं त्यांनी कमीच पाहिली होती. त्यांनी बारावी वही आणलीच नाही.

ती गोष्ट घडली फेब्रुवारीच्या शेवटी. रक्तदाबाच्या गोळ्यांच्या बारा पट्ट्या आल्या होत्या, सगळ्या एकाच बॅचच्या. दुकानदाराने त्या रबर लावून गुंडाळल्या होत्या, त्यामुळे पन्हळासारख्या वाकलेल्या. उन्नतीने फोटो काढला. बनवल्याचा महिना नोव्हेंबर चोवीस, संपायचा ऑक्टोबर सव्वीस, दोन्ही रकाने हिरवे झाले. बॅच नंबर मात्र 'टीके २४' पर्यंत आला आणि पुढचे दोन आकडे पिवळे. पट्टी नेमकी तिथेच वळली होती, वळणावर फ्लॅशचा पांढरा डाग पडला होता आणि त्याखाली पत्र्याच्या बारीक जाळीदार नक्षीत आकडे मिसळून गेले होते.

"तारखांचं बरं असतं," उन्नती म्हणाली. "बनवल्यापासून दोन वर्षं, असं जुळवून पाहता येतं. एक दुसरीची गवाही देते. बॅचची गवाही कोणीच देत नाही. दुसरा फोटो काढू, साइडने टॉर्च मारून?"

बाहेर रांग होती. शरयूबाईंनी पट्टी ओढून घेतली.

"आण इकडे. तुझा टॉर्च राहू दे." अंगठा कडेवरून गेला. "चोवीस बरोबर. पुढे एकोणसत्तर."

उन्नतीची बोटं मोबाइलवर थांबली. "मतलब... इकहत्तर?"

शरयूबाईंच्या कानावर पडलं ते एवढंच, की पोरगी पुन्हा हिंदीत गेली.

"तेच ते," त्या वैतागून म्हणाल्या. "पण मराठीत म्हण की गं. जिभेला काटे टोचतात का?"

"एकोणसत्तर," उन्नती शहाण्या मुलीसारखी म्हणाली, आणि पिवळ्या रकान्यात तिने ७१ भरले.

रकाना हिरवा झाला.

*

रघुनाथराव मार्चमध्ये आले. बिर्लानगरात राहायचे, तिथल्या बंद पडलेल्या कापडगिरणीत जन्म काढलेला माणूस. मागांच्या खडखडाटात ऐकायची सवय, म्हणून बोलायचे सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं. दर महिन्याला यायचे, दाब मोजून घ्यायचे, गोळ्या घ्यायचे आणि शरयूबाईंची खोडी काढून जायचे.

"शरयूताई, वय किती लिहिलंत माझं?"

"एकोणऐंशी."

"पाहा! हिंदीवाला ऐटीत उन्यासी म्हणतो आणि मोकळा होतो. आपण मराठी माणसं ऐंशीच्या दारात उभे राहून सांगतो, एक कमी आहे हो! एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणसाठ. आपलं नेहमीचंच, एक कमी."

"तुमचा एक टाका कमी आहे, तो आधी शिवून घ्या," शरयूबाई म्हणाल्या, आणि रांग हसली.

उन्हात एवढं लांब येणं होत नाही, दोन महिन्यांच्या एकदम द्या, असं ते म्हणाले. डॉक्टरांनी चिठ्ठीवर तसं लिहून दिलं. रोज एक गोळी, दहाची पट्टी, म्हणून शरयूबाईंनी त्या बारातल्या सहा पट्ट्या त्यांच्या पिशवीत घातल्या. "कापायच्या कुठून?" त्यांनी नेहमीसारखं विचारलं.

"उलट टोकाकडून," रघुनाथराव शाळेतल्या पोरासारखे हात बांधून म्हणाले. "नंबर शेवटपर्यंत राहिला पाहिजे. शालिनीला पाठ आहे. रामरक्षेनंतर तेच म्हणते."

एप्रिलच्या मध्यावर औषध खात्याची सूचना आली. त्या रक्तदाबाच्या गोळीची एक बॅच सदोष निघाली होती. गोळी पोटात नीट विरघळत नाही, म्हणजे घेऊनही न घेतल्यासारखी. उरलेली परत करा, रुग्णांना कळवा. उन्नतीने नंबर अ‍ॅपमध्ये टाकला.

"नाही मिळाला, आजी. आपल्याकडे ह्याच गोळीची टीके चोवीस-सेवंटीवन होती. ती सिक्स्टीनाइन आहे. दोन नंबरनी वाचलो."

"वाचलो बाई." शरयूबाईंनी नकळत दत्ताच्या दिशेने हात जोडले.

उन्नती मात्र पडद्याकडे बघत राहिली. "पण हा रकाना पिवळा होता. हाताने भरलेला. एकदा फोटो बघू का? पट्ट्या तर सगळ्या वाटल्या." तिने फोटो उघडला, मोठा केला. पांढरा डाग फक्त मोठा झाला. "काही दिसत नाही. ज्यांना दिल्या त्यांना फोन करून विचारू? तिघंच आहेत."

आणि शरयूबाई म्हणाल्या, "मी स्वतः वाचलाय तो. हाताने. माझ्या अंगठ्याने चौतीस वर्षांत एक नंबर चुकवला नाही. उगीच म्हाताऱ्या माणसांच्या जिवाला घोर कशाला?"

ते खरंही होतं. अंगठ्याने चूक केलीच नव्हती. पण दीड महिन्यापूर्वी आपण कोणता आकडा वाचला, हे त्यांना आता आठवत नव्हतं. रोज पन्नास नंबर हाताखालून जातात. आठवत होता तो फक्त स्वतःवरचा विश्वास. तिघंच होते. तीन फोनांना दहा मिनिटं लागली असती.

*

मेच्या पहिल्या आठवड्यात कळलं की रघुनाथरावांना झटका आला. सकाळी चहाची कपबशी हातातून निसटली, ती उचलायला वाकले ते उठलेच नाहीत. उजवं अंग गेलं, वाचा गेली. बारा दिवस इस्पितळात ठेवून घरी पाठवलं होतं.

शरयूबाई मोसंबी घेऊन बिर्लानगरला गेल्या. शालिनीताईंनी दार उघडलं. घरात रघुनाथराव असून घर गप्प होतं, तेच त्यांना आधी जाणवलं.

"गोळ्या कधी चुकवल्या नाहीत हो," शालिनीताई पुन्हा पुन्हा सांगत होत्या. "चहाच्या आधी गोळी. एक दिवस चुकला नाही. डॉक्टर विचारत होते, औषध बंद केलं होतं का म्हणून. दाब इतका कसा चढला म्हणे. मी म्हटलं, माझ्या हाताने देते मी. पाहा, आकडेपण ठेवलेत तुम्ही सांगितल्यासारखे." आणि त्यांनी फळीवरच्या डब्यातून एक पट्टी काढून शरयूबाईंच्या हातात दिली. चार गोळ्या उरल्या होत्या. पट्टी उलट टोकाकडून कापलेली, कात्रीने, सरळ.

शरयूबाईंचा अंगठा सवयीने कडेवर गेला. टी. के. दोन. चार.

मग अंगठा थांबला. पुन्हा मागे आला. पोटात गोल असलेला सहा, आणि डोक्यात गोल असलेला नऊ.

पट्टी उलटी तर धरली नाही? त्यांनी पालथी करून पाहिली. तिकडे आकडे खोल गेलेले होते, सरळ बाजू पहिलीच होती.

"शालिनीताई, पेन्सिल आहे का? आणि एखादा पातळ कागद?"

शालिनीताईंनी किराणाच्या यादीची पेन्सिल आणि मिठाईच्या डब्यातला पातळ कागद आणून दिला. शरयूबाईंनी कागद कडेवर ठेवला, पेन्सिल आडवी धरली. फराटे वाढत गेले आणि काळ्यातून आकडे वर आले. २४६९.

"काय झालं हो?"

"उद्या सांगते," शरयूबाई म्हणाल्या. "आधी खात्री करून घेते. ह्या मात्र देऊ नका."

"ह्या आता कुठल्या? इस्पितळाने दुसऱ्या दिल्यात."

त्या पट्टी आणि कपटा रुमालात बांधून उठल्या. पलंगाकडे पाहायचं त्यांना धाडस झालं नाही.

दवाखान्यात उन्नतीने पट्टी टेबलावर ठेवली. खिडकीचा पडदा ओढला, मोबाइलचा फ्लॅश बंद केला, आणि शरयूबाईंच्या हातात टॉर्च दिला. "वरून नको, आजी. टेबलाला टेकवून, एकदम बाजूने." आडवा उजेड पट्टीवरून सरपटत गेला तसा एकेका आकड्याला आपापली सावली फुटली. उन्नतीने एकदा उजवीकडून फोटो काढला, एकदा डावीकडून. अ‍ॅपने दोन्ही जोडले. टीके २४६९. तिन्ही रकाने हिरवे झाले. एवढंच करायचं होतं त्या दिवशी, एवढंच ती विचारत होती.

"मी सेवंटीवन कसं भरलं?" उन्नती पडद्याकडे बघत म्हणाली. "आजी, तुम्ही तर... तुम्ही इकहत्तर म्हणालात ना?"

"मी एकोणसत्तर म्हणाले असणार."

"हां. एकोण-सत्तर. एक और सत्तर. इकहत्तर."

शरयूबाईंनी टॉर्च टेबलावर ठेवला. आणि मग ती दुपार जशीच्या तशी त्यांच्या पुढे उभी राहिली. रांग, गुंडाळलेल्या पट्ट्या, मोबाइलवर थांबलेली बोटं. मतलब, इकहत्तर? पंच्याहत्तर वर्षं ग्वाल्हेरात काढलेल्या बाईला उनहत्तर आणि इकहत्तर यांतला फरक कळत नव्हता असं नाही. झोपेतही कळला असता. त्या दिवशी त्यांनी आकडा ऐकलाच नाही, फक्त भाषा ऐकली. पोरीने नंबर विचारला होता आणि त्यांनी तिची जीभ दुरुस्त केली होती.

उन्नती रडू लागली. "मला मराठी गिनती येत नाही आजी, पन्नासच्या पुढे. शाळेत इंग्लिश, घरी हिंदी. तुम्ही रागावता म्हणून नाही बोलले कभी. मला वाटलं एकोण म्हणजे एकच. मीच सांगते दवाखान्याच्या ट्रस्टला. माझी गलती आहे. अ‍ॅप बंद करून टाकू."

"गप्प बस," शरयूबाई म्हणाल्या. पण आवाजात रोजची धार नव्हती. "अ‍ॅपने सांगितलं, मला दिसत नाही. तू विचारलंस, हेच ना? तुम्ही दोघांनीही आपलं काम केलंत. 'तेच ते' मी म्हटलं. मग फोन करू का म्हणालीस, तेव्हा नको म्हणणारीही मीच."

बाकीच्या सहा पट्ट्या दोघांकडे गेल्या होत्या. त्यांना त्याच मिनिटाला फोन केले. दोघंही धडधाकट होते, गोळ्या केव्हाच संपल्या होत्या. डॉक्टरांनी सगळं ऐकलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "शरयूबाई, एकोणऐंशी वर्षांचा माणूस. गोळी चांगली असती तर झटका आला नसता, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. आणि तरीही आला असता, असंही नाही सांगू शकत." शरयूबाईंना वाटलं, यापेक्षा त्यांनी दोष दिला असता तर बरं. त्याला निदान अंगठा फिरवायला एक कड असती.

त्यांनी ट्रस्टला पत्र लिहिलं. काय घडलं ते दिवसावार लिहिलं, उन्नतीचा प्रश्न आणि आपलं उत्तर शब्दशः लिहिलं, आणि खाली सही केली. पत्रासोबत पेन्सिलीचा कपटा जोडला.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा बिर्लानगरला गेल्या. शालिनीताईंना स्वयंपाकघरात सगळं सांगितलं. हातातली कणीक शालिनीताईंनी तशीच ताटलीत ठेवली.

"माझ्या हातून गेल्या सगळ्या गोळ्या," त्या म्हणाल्या. "मोजून दिल्या मी." त्या रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. बसा म्हणाल्या नाहीत. "त्यांना तुम्हीच सांगा. त्यांना सगळं कळतं, बोलता तेवढं येत नाही."

शरयूबाई पलंगाजवळच्या स्टुलावर बसल्या. रघुनाथरावांचं तोंड एका बाजूला ओढलेलं होतं, पण डोळे तेच होते, रांगेवरून खोडी शोधत फिरणारे. त्यांनी सांगितलं. पट्टी, पिवळा रकाना, पोरीचा प्रश्न, स्वतःचं उत्तर. सांगता सांगता त्यांना तो आकडा उच्चारावा लागला.

"एकोणसत्तर होतं हो ते. तिने एकाहत्तर भरलं, आणि मी हो म्हटलं."

मग रघुनाथरावांचा डावा हात चादरीवरून उठला. एक बोट वर आलं. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. घशातून कसाबसा आवाज आला.

"एक... क... मी."

त्यांना हसायचं होतं, की ते काही दुसरंच मागत होते, हे शरयूबाईंना कळलं नाही. त्यांनी शालिनीताईंकडे पाहिलं. शालिनीताई दारात उभ्या होत्या आणि त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

शनिवारी दवाखाना उघडला. शरयूबाईंनी येताना विकत आणलेली कोरी बारावी वही मोबाइलच्या शेजारी ठेवली, आणि पेन्सिल टोकदार केली. पहिलीच पट्टी वाकलेली निघाली, रकाना पिवळा झाला. उन्नतीने टॉर्च खाली टेकवला. शरयूबाईंनी अंगठा फिरवला.

"पाच," त्या म्हणाल्या. "मग तीन. मग आठ. एकेक म्हण, तुला येतं त्या भाषेत."

"पाँच," उन्नती दबकत म्हणाली. "तीन. आठ."

शरयूबाई पडद्यावर वाकल्या, चष्मा सारखा केला, आणि प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून तिच्याबरोबर पुन्हा वाचू लागल्या. बाहेरच्या रांगेत कुणीतरी उशीर होतोय म्हणून कुरकुरलं. रघुनाथराव त्या रांगेत उभे असते तर त्यांनी त्याला एका वाक्यात गप्प केलं असतं.